आकडा बरोबर, प्रश्न भलताच

हिवाळ्यातल्या सकाळी मुंबईत फोन उघडला की एक ठरलेली रील समोर येते. मागे बातमीचा मथळा किंवा लाल-पिवळ्या रंगाचा तक्ता, पुढे छातीपासून वर दिसणारा एक मुलगा किंवा मुलगी, आणि पहिलं वाक्य: “हे बघितलंत का? माझगावची हवा आज दिल्लीपेक्षा वाईट!” मग चाळीस-पन्नास सेकंदांत एक्यूआय म्हणजे काय, ३०० म्हणजे किती भयंकर, मास्क कुठला घ्यायचा, आणि शेवटी “शेअर करा, आईबाबांना पाठवा.” याला ग्रीन स्क्रीन रील म्हणतात. पूर्वी स्टुडिओत खरोखरचं हिरवं कापड लावावं लागायचं. आता फोनच माणसाची बाह्यरेषा ओळखून त्याला मागच्या चित्रापासून वेगळं करतो. म्हणजे ज्याच्याकडे फोन आहे, तो कुठल्याही तक्त्यासमोर उभा राहून तो समजावून सांगू शकतो.

यात वाईट काही नाही. सरकारी संकेतस्थळावरचा हवेचा तक्ता कोणी आपणहून उघडत नाही. कोणीतरी तो उघडून, आपल्या भाषेत, आपल्या गल्लीचं नाव घेऊन सांगतं, ही चांगलीच गोष्ट आहे. प्रश्न असा आहे की तक्त्यासमोर उभं राहणाऱ्या माणसावर नेमकी कुठली जबाबदारी येते? आकडा खरा असला की ती संपते का?

माझं म्हणणं असं की संपत नाही. रील चुकते ती बहुतेक वेळा खोट्या आकड्यामुळे नाही. आकडा खरा असतो, पण तो ज्या प्रश्नाचं उत्तर असतो तो प्रश्न एक असतो आणि बघणाऱ्याला पडलेला प्रश्न दुसराच असतो. हे कसं घडतं ते बघायला माझगावच्या हवेइतकं सोयीचं उदाहरण नाही.

सोपं केलेलंच पुन्हा सोपं

माझगावचं नाव बातम्यांत येण्याचं कारण साधं आहे: तिथे हवा मोजणारं यंत्र आहे. पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था ‘सफर’ नावाची यंत्रणा चालवते. त्या यंत्रणेने मुंबईत ठिकठिकाणी केंद्रं बसवली, त्यातलं एक माझगावचं. २०२१-२२ च्या हिवाळ्यात कुलाबा आणि माझगाव ही नावं ‘अतिवाईट’ हवेच्या बातम्यांत पुन्हा पुन्हा आली. शेजारच्या रे रोडचं किंवा डोंगरीचं नाव त्या मथळ्यांत नव्हतं. याचा अर्थ तिथली हवा स्वच्छ होती असा नाही. जिथे यंत्र असतं त्या ठिकाणाच्या नावावर बातमी होते, एवढाच त्याचा अर्थ.

आता त्या एका आकड्यात काय भरलेलं असतं ते बघू. हवेत अनेक गोष्टी मोजल्या जातात: बारीक कण, जाड धूळ, नायट्रोजन डायऑक्साइड, ओझोन वगैरे. प्रत्येकाचं प्रमाण एका ठरलेल्या पट्टीवर बसवून त्याचा स्वतंत्र गुण काढतात. त्यातला जो सर्वांत वाईट गुण, तोच त्या जागेचा एक्यूआय. सरासरी नाही, बेरीज नाही. म्हणजे परीक्षेत ज्या विषयात सर्वांत कमी मार्क पडले तोच तुमचा निकाल. मुंबईत हिवाळ्यात हा विषय बहुधा कणांचाच असतो. पीएम १० म्हणजे बांधकामाची, रस्त्याची जाडसर धूळ धरून सगळे कण, आणि पीएम २.५ म्हणजे अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक, केसाच्या जाडीच्या तिसाव्या भागाएवढे कण. हे बारीक कण बरेचसे जळण्यातून येतात आणि फुप्फुसात खोल जातात.

ही पट्टी केंद्र सरकारने २०१४ साली जाहीर केली. तेव्हा तिची ओळखच अशी करून दिली होती की एक आकडा, एक रंग, एक वर्णन. सामान्य माणसाला एका नजरेत कळेल असं. म्हणजे एक्यूआय हा मुळातच शास्त्रज्ञांनी आपल्यासाठी सोपा करून दिलेला तक्ता आहे. रील करणारा सोपं करायला बसतो तेव्हा तो कच्चा माल सोपा करत नसतो. आधीच गाळलेलं तो पुन्हा गाळत असतो. पहिल्या गाळणीत काय राहिलं हे त्याला माहीत नसेल, तर दुसऱ्या गाळणीत काय जाईल हे त्याला कळणार कसं?

एकच दिवस, तीन रील

कागदावर एक हिशेब करून बघू. आकडे मी सोयीसाठी घेतलेले आहेत, पण पट्टी खरी आहे. समजा जानेवारीतला एक दिवस आहे. रात्री आणि पहाटे मिळून आठ तास माझगावात पीएम २.५ चं प्रमाण दर घनमीटर हवेत १८० मायक्रोग्रॅम आहे. उरलेले सोळा तास ते ६० आहे. असा फरक पडणं अजिबात अशक्य नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड होऊन खाली बसते, वारा मंद असतो, आणि दिवसभरातली धूळ-धूर तिथेच अडकून राहतो. ऊन चढलं की ही हवा वर उठते, दुपारी समुद्रावरून वारा येतो आणि शहर थोडं धुऊन निघतं.

या दिवसाची सरासरी किती? आठ गुणिले १८० म्हणजे १४४०, सोळा गुणिले ६० म्हणजे ९६०, एकूण २४००, भागिले २४. उत्तर १००. भारतीय पट्टीवर १०० मायक्रोग्रॅम म्हणजे एक्यूआय साधारण २३२, वर्ग ‘वाईट’. भारतीय पट्टीवर कणांचा एक्यूआय काढतात तो असाच, चोवीस तासांच्या सरासरीवरून.

पण पहाटे सहाला कोणी फक्त त्या तासाचा आकडा याच पट्टीवर ठेवला तर १८० मायक्रोग्रॅमचे होतात जवळजवळ ३४६, म्हणजे ‘अतिवाईट’. आणि दुपारी तीनला कोणी तेच केलं तर ६० चे होतात बरोबर १००, म्हणजे ‘समाधानकारक’. त्या दिवशी तीन मुलांनी तीन रील केल्या असं धरा. एक म्हणतो माझगाव गुदमरतंय. दुसरी म्हणते माझगावची हवा वाईट आहे. तिसरा म्हणतो मीडिया घाबरवतोय, आत्ता बघा, सगळं हिरवं आहे. तिघांच्या मागे खरा स्क्रीनशॉट आहे. आणि कमेंटमध्ये लोक एकमेकांना खोटारडे म्हणतायत.

यात भर म्हणून पट्ट्याही दोन आहेत. भारताची वेगळी, अमेरिकेची वेगळी. फोनवरची काही अॅप्स अमेरिकन पट्टी वापरतात, सरकारी संकेतस्थळं भारतीय. पीएम २.५ चं प्रमाण ६० असेल तर भारतीय पट्टीवर एक्यूआय १०० आणि रंग फिकट हिरवा. तीच हवा अमेरिकन पट्टीवर १५० च्या वर जाते आणि रंग लाल होतो. पण प्रमाण १२० झालं की चित्र उलटतं: भारतीय पट्टीवर ३००, अमेरिकन पट्टीवर मात्र अजून २०० च्या आत. म्हणजे एक पट्टी नेहमी कडक आणि दुसरी नेहमी सैल असंही सोपं उत्तर नाही. एका रीलमध्ये मुंबईचा आकडा एका पट्टीवरून आणि दिल्लीचा दुसऱ्या पट्टीवरून उचलला, तर त्या तुलनेला काहीच अर्थ उरत नाही. आणि बघणाऱ्याला हे कळण्याची सोय नसते, कारण दोन्ही ठिकाणी शब्द एकच लिहिलेला असतो: एक्यूआय.

अंगाने झाकलेला भाग

आता ग्रीन स्क्रीनकडेच येऊ, कारण हा प्रकार आणखी एक गोष्ट करतो, कोणाच्या मनात नसतानाही.

बहुतेक तक्ते आडवे काढलेले असतात आणि फोनचा पडदा उभा असतो. आडवा तक्ता उभ्या पडद्यात पूर्ण बसवला तर त्याची बारीक पट्टी होते, कोणाला वाचता येत नाही. म्हणून तो मोठा करतात आणि कडा कापल्या जातात. मग खालच्या भागात माणूस उभा राहतो. त्याच्याही खाली अॅप स्वतःच नाव, कॅप्शन आणि गाण्याची ओळ टाकतं. उजव्या कडेला लाइक-शेअरची बटणं येतात.

तक्त्याच्या खालच्या भागात काय असतं आठवा. काळाची रेघ: तास, दिवस, की वर्ष. त्याखाली बारीक अक्षरात स्रोत: आकडा कोणी मोजला, कुठल्या पट्टीवर, सरासरी किती तासांची. उजवीकडे रंगांची सूची. म्हणजे तक्ता आपल्या मर्यादा जिथे कबूल करतो, नेमकी तीच जागा झाकली जाते. उरतं ते वर चढत गेलेली रेघ आणि मथळा. कोणी मुद्दाम लपवलेलं नसतं. साधनाची रचनाच अशी आहे की काही न करता उभं राहिलं तरी लपवणं होतं.

आपल्याकडे समजावून सांगण्याची एक जुनी रीत आहे, कीर्तनातलं निरूपण. बुवा आधी मूळ अभंग म्हणतात, मग एकेका चरणावर बोलतात. ते वाटेल तेवढे विस्तार करतील, गोष्टी सांगतील, हसवतील. पण चरण पुन्हा पुन्हा मूळ रूपात गायला जातो, टाळकरी तो उचलतात, आणि समोर बसलेल्यांपैकी अनेकांना तो पाठ असतो. बुवांनी अर्थ ओढूनताणून लावला तर मागच्या रांगेतली म्हातारी मान हलवते. निरूपणावर हा लगाम असतो: मूळ वचन सगळ्यांच्या कानांपुढे असतं. ग्रीन स्क्रीनवर मूळ वचन मागे असतं, अर्धं झाकलेलं असतं, आणि तीन सेकंदांनी बदलतं. ऐकणारा मान हलवू शकत नाही, कारण मान हलवायला लागणारी ओळच त्याला दिसलेली नसते.

यातून पहिली जबाबदारी निघते. तक्त्यासमोर उभा राहणारा नुसता समजावत नसतो, तो तक्त्याच्या वतीने साक्ष देत असतो. ज्या गोष्टी त्याच्या अंगामागे गेल्या त्या तोंडाने सांगणं हे त्याचं काम होतं. जेवढं झाकलं, तेवढं बोलून परत द्यायचं.

प्रामाणिक आहे, मग काय बिघडलं?

बर्नार्ड विल्यम्स नावाचे ब्रिटिश तत्त्वज्ञ होते. २००२ साली आलेल्या ‘ट्रुथ अँड ट्रुथफुलनेस’ या पुस्तकात त्यांनी खरेपणाचे दोन वेगळे गुण सांगितले. एक प्रामाणिकपणा: मला जे खरं वाटतं तेच मी बोलतो. दुसरा अचूकपणा: मला जे खरं वाटतं ते खरोखर तसं आहे का, हे तपासायची मेहनत मी घेतो. पहिला गुण मनाचा आहे, दुसरा कष्टाचा. रील करणारी बहुतेक मुलं पहिल्या गुणात पूर्ण पास होतात. त्यांना खरंच माझगावची काळजी असते. पण “मी मनापासून बोललो” हे दुसऱ्या गुणाचं उत्तर होत नाही.

माझगावच्या उदाहरणात मात्र या दोन गुणांनीही भागत नाही. वरच्या तीन रीलमधली दुसरी आठवा. तिने भारतीय पट्टीवरचा, चोवीस तासांचा, नियमाप्रमाणे काढलेला २३२ हा आकडा सांगितला. ती प्रामाणिक आहे आणि अचूकही आहे. आता ती रील बघणारे तीन जण घ्या.

पहिली एक आई. तिच्या मुलाला दमा आहे आणि त्याला संध्याकाळी पाचला खेळायला सोडायचं की नाही हे तिला ठरवायचंय. तिला दिवसाच्या सरासरीचा उपयोग नाही. तिला पाचच्या आसपासची हवा हवी, आणि ती कदाचित पहाटेपेक्षा बरीच बरी असेल. २३२ ऐकून तिने मुलाला घरात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, हवा सर्वांत वाईट असताना, प्रॅक्टिसला पाठवलं, तर अचूक रीलने तिचं नुकसानच केलं.

दुसरा एक भाडेकरू. त्याच्या खिडकीसमोर बांधकाम चालू आहे आणि त्याला वॉर्ड ऑफिसात तक्रार करायचीय. त्याचा प्रश्न आहे की ही धूळ आहे की धूर. त्यासाठी त्याला एक्यूआयच्या आत जाऊन पीएम १० आणि पीएम २.५ वेगवेगळे बघावे लागतील. जाड धूळ खूप आणि बारीक कण तुलनेने कमी असतील तर बोट बांधकामाकडे आणि रस्त्याकडे वळतं. बारीक कणच जास्त असतील तर जळण्याकडे, वाहनांकडे. आणि माझगावात दोन्हींची कमतरता नाही: गोदीकडे जाणारे ट्रक, दारूखान्यातलं जहाजं तोडण्याचं काम, वरून जाणारा पूर्व मुक्त मार्ग, आणि जुन्या चाळी पाडून उभे राहणारे टॉवर. शिवाय यंत्र एका जागी असतं आणि याची खिडकी दुसऱ्या जागी. भंडारवाड्याच्या टेकडीवरची बाग आणि खालचा ट्रकांचा रस्ता यांत फार अंतर नाही, तरी हवा एक नाही.

तिसरी एक मतदार. तिला विचारायचंय की इथली हवा माणसाला वर्षानुवर्षं राहायला ठीक आहे का. तिच्यासाठी कुठलाही एक दिवस निरुपयोगी आहे. तिला वर्षाची सरासरी हवी, आणि ती वर्षाच्या मर्यादेशी ताडायला हवी. पीएम २.५ साठी भारताची वार्षिक मर्यादा ४० आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ पासून सुचवलेली ५. या दोन आकड्यांतली दरी हीच तिची खरी बातमी आहे, पण त्यात आजचं काही नसल्यामुळे तिची रील होत नाही.

म्हणजे प्रश्न तीन, आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा. म्हणून मी तिसरा गुण जोडेन: ऐकणारा या आकड्याचं काय करणार आहे, याचा विचार. तो नसेल तर प्रामाणिक आणि अचूक माणूसही वाट चुकवतो. रेल्वे स्टेशनवर कोणी “गाडी किती वाजता?” असं विचारलं आणि आपण कुठली गाडी ते न विचारता बरोबर वेळ सांगितली, तर आपण खोटं बोललो नाही. पण त्याची गाडी चुकली.

चांगल्यासाठी फुगवलं तर?

इथे एक जोरदार आक्षेप येतो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये आयक्यूएअर या स्विस कंपनीच्या यादीच्या आधारे मथळे आले की दिल्लीला मागे टाकून मुंबई जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं प्रदूषित शहर झालं. ती यादी निवडक मोठ्या शहरांची होती आणि त्या दिवसांची होती. वर्षाच्या सरासरीत मुंबई दिल्लीच्या जवळपासही नसते. पण हा मथळा शहरभर फिरला, अगणित पडद्यांवर अगणित चेहऱ्यांच्या मागे गेला. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस महापालिकेने बांधकामांच्या धुळीसाठी नियमावली काढली. त्यात ७० मीटरपेक्षा उंच इमारतींच्या कामाभोवती ३५ फुटी पत्र्याचं कुंपण घालण्यासारखे नियम होते. त्याच सुमारास मुंबई उच्च न्यायालयाने हवेच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, आणि दिवाळीत फटाके वाजवण्याच्या वेळा कमी केल्या.

आक्षेप असा: तुम्ही बसा सरासऱ्या आणि पट्ट्या सांगत. शहर जागं झालं ते “जगात दुसरं” या तीन सेकंदांच्या वाक्याने. थोडं फुगवून जर पत्र्याची कुंपणं उभी राहत असतील, तर कोणाचं काय बिघडलं?

हा आक्षेप हलका नाही. केवळ मथळ्यांमुळेच ते निर्णय झाले असं कोणी म्हणू शकत नाही, पण लोकांची ओरड नसती तर ते तेव्हा झाले असते का, ही शंका रास्त आहे. तरी मला तो पटत नाही, आणि त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं असं की फुगवलेला आकडा उसना असतो, आणि तो फेडावा लागतो. क्रमांकाने जागी झालेली माणसं क्रमांकानेच झोपतात. पुढच्या आठवड्यात वारा सुटला, मुंबई यादीत खाली गेली, की ज्याला कुंपणाचा खर्च नकोय त्याला बोलायची सोय होते: “बघा, सुधारली ना हवा.” हवा सुधारली नसते, वारा सुटलेला असतो. माझगावातल्या बांधकामावर तोच पत्रा तसाच फाटलेला असतो. आणि ज्याने “जगात दुसरं” म्हणून लोकांना गोळा केलं त्याच्याकडे आता “जगात चाळिसावं” याला उत्तर नसतं, कारण खेळाचे नियम त्यानेच तसे घातलेले असतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं: फुगवायची गरजच नव्हती. पीएम २.५ च्या चोवीस तासांच्या सरासरीसाठी भारताची मर्यादा ६० आहे. जागतिक आरोग्य संघटनेची १५. म्हणजे आपल्याकडे ज्या दिवसाला फिकट हिरवा रंग आणि ‘समाधानकारक’ हा शब्द मिळू शकतो, तो दिवस त्या मर्यादेच्या चौपट असू शकतो. ही गोष्ट लाल रंगाच्या दिवसापेक्षा जास्त बोचणारी आहे, कारण ती वर्षातल्या कितीतरी साध्या, विसरल्या जाणाऱ्या दिवसांबद्दल आहे. “आज आपण दिल्लीला हरवलं” यात एक प्रकारची गंमतही असते, क्रिकेटच्या स्कोअरसारखी. “आज हवा हिरवी आहे आणि तरी ती ठीक नाही” यात गंमत नाही, पण हे वाक्य पुढच्या आठवड्यात वारा सुटल्यावरही खरं राहतं. आणि हेच वाक्य “सगळं हिरवं आहे, घाबरू नका” म्हणणाऱ्या तिसऱ्या रीललाही पुरून उरतं. घाबरवणारी आणि निश्चिंत करणारी, दोन्ही रील एकाच रोगाच्या आहेत. दोघी रंगाला उत्तर समजतात.

वीस सेकंदांची गोष्ट

“पण वेळ कुठे असतो?” हे शेवटचं कारण नेहमी पुढे येतं. ते तपासता येतं. समजा सकाळी आठला माझगावचा आकडा ३०० च्या वर दिसतोय आणि त्यावर रील करायचीय. हे बोलून बघा:

“हा आकडा माझगावच्या एका यंत्राचा आहे, सकाळी आठचा, भारतीय पट्टीवरचा. हिवाळ्यात पहाटेची हवा बहुतेक वेळा सर्वांत वाईट असते, दुपारनंतर उतरते. म्हणून दमा असलेल्यांनी आणि मुलांनी धावायला सकाळऐवजी दुपारनंतर जा, आणि निघण्याआधी आकडा पुन्हा बघा. आणि हो, आकडा हिरवा झाला म्हणजे हवा स्वच्छ झाली असं नाही, आपली मर्यादा जगापेक्षा सैल आहे.”

सावकाश बोललं तरी हे तीस सेकंदांच्या आत संपतं, भरभर बोलणाऱ्याचं वीस सेकंदांत. यात सरासरीची व्याख्या नाही, रसायनांची नावं नाहीत, पट्ट्यांचा इतिहास नाही. ते सगळं गाळलं आणि काही बिघडलं नाही. गाळणं हा गुन्हा नाहीच. कुठे, केव्हा, कुठल्या पट्टीवर, आणि कोणी काय करावं, या चार गोष्टी मात्र राहिल्या, कारण त्या काढल्या की ऐकणाऱ्याचा निर्णय बदलतो. सोपं करण्याची मर्यादा मला इथे दिसते: जे काढल्याने ऐकणाऱ्याचं पाऊल बदलत नाही ते खुशाल काढा. ज्याने बदलतं, त्याला हात लावू नका. शिवाय तक्ता दोन सेकंद पूर्ण दाखवून मग समोर यायला काहीच खर्च नाही. बुवाही आधी चरण म्हणतात, मग बोलतात.

याची किंमत आहे हे मान्य करायला हवं. “माझगाव गुदमरतंय” हे वाक्य जास्त लोक थांबून बघतील. चार गोष्टी सांगणारी रील कदाचित कमी फिरेल, आणि ज्याचं पोट व्ह्यूजवर आहे त्याला ते परवडेलच असं नाही. पण त्या कमी लोकांत ती आई असेल, तर तिच्या मुलाचा सकाळचा एक तास बदलेल. जास्त लोकांच्या रीलमध्ये तीच आई असेल, आणि तिला फक्त भीती मिळेल, तीही चुकीच्या वेळेची.

रील न करणाऱ्यांनी यातून सुटल्यासारखं वाटून घ्यायचं कारण नाही. घरच्या ग्रुपवर “आज बाहेर पडू नका” असं लिहून आपण एखादी रील पुढे ढकलतो, तेव्हा आपणही त्या तक्त्यासमोर उभे राहतो. काकूंना मागचा तक्ता दिसत नाही, त्यांना भाचीचं नाव दिसतं आणि त्या तेवढ्यावर विश्वास ठेवतात. तो आकडा कुठला, केव्हाचा, आणि काकू नेमक्या कधी बाहेर पडणार आहेत, हे विचारायला आपल्याला तर साठ सेकंदांचीही घाई नसते.